घरात मासा नाही, मग ओमेगा थ्री कुठून? सोलापूरच्या एका जिमवाल्या तरुणाचं प्रकरण

वय २६, वजन ७४ किलो. टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम, दिवसभर खुर्ची, आणि आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी जिम. घर लिंगायत, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. दूध, दही, ताक मात्र भरपूर, आणि व्हे प्रोटीन घरच्यांनी दुधाचंच आहे म्हणून चालवून घेतलेलं. रक्ताचे नेहमीचे रिपोर्ट ठीक, कुठलंही औषध चालू नाही. माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी आला त्याचं कारण एवढंच की जिममधल्या ट्रेनरने त्याला फिश ऑइलच्या कॅप्सूल घ्यायला सांगितल्या होत्या. स्क्वॉट मारताना गुडघा दुखतो, तर ओमेगा थ्री कमी आहे, असा ट्रेनरचा निष्कर्ष.

"मॅडम, घरात मासा म्हणलं तरी आज्जी ताटावरून उठती. दुसरं काय हाय का ते सांगा की."

दुसरं आहे. पण ते सांगण्याआधी मी त्याला तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं, घरी महिन्याला किती आणि कुठलं तेल लागतं ते आईला विचारायला सांगितलं, आणि तो जे काही 'ओमेगा' म्हणून घेत होता ते सगळं डब्यांसकट घेऊन ये म्हटलं. या प्रकरणात शिकण्यासारखं जे होतं ते जवळजवळ सगळं या तीन गोष्टींतून निघालं.

तो आधीपासून काय घेत होता

डबे दोन निघाले. पहिला 'व्हेज ओमेगा थ्री' लिहिलेल्या कॅप्सूलचा. मागची बारीक अक्षरं वाचली तर आत ५०० मिलिग्रॅम जवसाचं तेल. जवसाच्या तेलात निम्म्याहून थोडं जास्त ओमेगा थ्री असतं, म्हणजे एका कॅप्सूलमधून त्याला पाव ग्रॅमच्या आसपास मिळत होतं. तेवढं सव्वा ग्रॅम जवसात मिळतं. आईच्या जवसाच्या चटणीचा एक चहाचा चमचा खाल्ला असता तरी काम झालं असतं, आणि ती चटणी घरात होतीच.

दुसरा डबा स्पिरुलिना पावडरचा. 'शेवाळातून ओमेगा थ्री मिळतं' हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं, ते खरंही आहे, पण हे ते शेवाळ नव्हे. स्पिरुलिनात माशातलं ते ओमेगा थ्री नाममात्रसुद्धा नसतं. हा घोटाळा मी जिमच्या मुलांमध्ये वारंवार पाहते, कारण दुकानदार दोन्हीला अल्गीच म्हणतो.

याशिवाय तो रोज जेवणानंतर बडीशेप, तीळ आणि भाजलेले जवस घातलेला मुखवास खात होता. चांगला मूठभर. पण अख्खं जवस चावताना दाताखालून निसटतं. त्याचं वरचं साल कडक आणि गुळगुळीत असतं, आतड्यात ते फुटत नाही, आणि बरेचसे दाणे जसे गेले तसे बाहेर येतात. जवसाचं पीठ खाल्लं की रक्तातलं ओमेगा थ्री वाढलेलं दिसतं, अख्ख्या दाण्याने जवळजवळ काही हलत नाही, हे माणसांवरच्या अभ्यासांत तपासलेलं आहे. मुखवास खावा, पण त्याचा हिशेब ओमेगा थ्रीमध्ये धरू नये.

तीन दिवसांची वही

सकाळी शेंगदाण्याचं कूट घातलेलं उपीट नाहीतर पोहे. दुपारी डब्यात भाकरी, भाजी, आणि सोलापुरात राहून जी टाळता येत नाही ती शेंगांची चटणी, वर तेलाची धार. जिमच्या आधी ब्रेडला पीनट बटर. रात्री भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक. सकाळी भिजवलेले बदाम आणि दोन अक्रोड. सगळे शेंगदाणे मिळून दिवसाला साधारण ५० ग्रॅम भरत होते.

घरात माणसं चार, तेल महिन्याला चार लिटर, म्हणजे माणशी दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास. तेल करडईचं, वडिलांच्या ओळखीच्या घाण्यावरून आणलेलं. आपल्या जिल्ह्यात करडई पूर्वापार होते, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या सोलापूर केंद्राने तिच्या जातीही काढल्या आहेत. त्यामुळे हे तेल घरात असणं अगदी स्वाभाविक.

आता आकडे थोडे मांडते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात चारातले तीन भाग लिनोलेइक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा सिक्स. ३० ग्रॅम तेलातून त्याला २२ ग्रॅमच्या आसपास ओमेगा सिक्स मिळत होतं. ५० ग्रॅम शेंगदाण्यातून आणखी आठ-एक ग्रॅम. अक्रोड, बदाम आणि धान्यातलं धरलं तर तीसच्या पुढेच. आणि ओमेगा थ्री? शेंगदाण्यात ते नसल्यात जमा, करडईतही नसल्यात जमा. दोन अक्रोडांतून पाऊण ग्रॅम, पालेभाजी, डाळ आणि दुधातून थोडंसं, कॅप्सूलमधून पाव ग्रॅम. सगळं मिळून सव्वा-दीड ग्रॅम. पुरुषाला दिवसाला १.६ ग्रॅम, बाईला १.१ ग्रॅम हा जो सर्वसाधारण मापदंड धरतात, त्याच्या थोडं खाली. एकटा आकडा पाहिला तर फार वाईट नाही. पण समोर ओमेगा सिक्स वीसपटीहून जास्त.

त्याने काय बिघडतं ते नीट समजून घ्यावं लागतं. वनस्पतीतलं ओमेगा थ्री, ज्याला एएलए म्हणतात, ते शरीराला कच्च्या मालासारखं मिळतं. मेंदू, डोळ्याचा पडदा आणि पेशींच्या आवरणात जे लागतं ते त्याच्या पुढचं, लांब साखळीचं ईपीए आणि डीएचए. मासा खाणाऱ्याला ते आयतं मिळतं. शाकाहाऱ्याच्या शरीराला ते एएलएपासून बनवावं लागतं, आणि ज्या एन्झाइमवर हे काम होतं त्याच एन्झाइमवर ओमेगा सिक्सचंही काम असतं. जातं एकच, आणि त्यावर दोन धान्यं दळायची आहेत. ज्याची रास मोठी ते आधी जात्यात पडतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर लोक उद्यापासून करडईला विष म्हणायला लागतील. करडईचं तेल वाईट नाही. तूप-डालड्याच्या जागी ते वापरलं तर वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं, हे पक्कं आहे. ओमेगा सिक्समुळे अंगात सूज वाढते हा जो दावा फिरतो त्याला माणसांवरच्या अभ्यासांचा फारसा आधार नाही. माझा मुद्दा फक्त शाकाहाऱ्यापुरता आहे: ज्याच्याकडे मासा नाही आणि ज्याची सगळी भिस्त एएलएच्या रूपांतरावर आहे, त्याने तेल, चटणी आणि पीनट बटर या तिन्ही वाटांनी ओमेगा सिक्स ओतू नये.

पहिला टप्पा: स्वयंपाकघर

आईला मुद्दाम बोलावून घेतलं. मुलगा जिमला जातो, पण चटणी आई करते.

"जवसाची चटणी आमच्याकडं असतीच की हो मॅडम. हाच खात न्हाई, शेंगाचीच लागती याला."

त्यांची पद्धत विचारली. जवस भाजायचं, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ आणि निम्मे शेंगदाणे घालून कुटायचं, डबा भरून ठेवायचा. महिना-दीड महिना पुरते. सगळं बरोबर, दोन जागा सोडून. निम्मे शेंगदाणे असले की चमचाभर चटणीत जवस अर्धाच चमचा जातं. आणि दीड महिना फार झाला.

जवसाचं तेल हवेला लवकर लागतं. जोवर दाणा अख्खा आहे तोवर साल त्याला राखतं, भाजला तरी; कुटला की सगळं तेल उघडं पडतं. अळशीचं तेल रंगकामात आणि क्रिकेटच्या बॅटला चोळायला वापरतात ते याच गुणामुळे, हवा लागली की ते सुकून घट्ट होतं. हेच डब्यात घडतं. पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याकडे ते लवकर घडतं, कारण एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर असताना ओट्यावरचा स्टीलचा डबा दुपारभर तापत असतो. खवट झालेलं ओळखायला नाकच पुरतं: ताज्या जवसाला दाण्यासारखा गोडसर वास येतो, खराब झालेल्याला नुकत्या रंगवलेल्या दाराचा. चव जिभेच्या मागच्या भागात कडू लागते. लसूण आणि तिखटाखाली ही चव लपते, म्हणून चटणीपेक्षा नुसत्या पिठाचा वास घेऊन पाहावा.

ठरलं ते असं. जवस अख्खंच आणायचं, तयार पावडर आणायची नाही. मंद आचेवर, एकदोन दाणे तडतडेपर्यंत भाजायचं, काळं होऊ द्यायचं नाही. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला थांबत थांबत फिरवायचं. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि पिठाचा गोळा होतो. एका आठवड्यापुरतंच दळायचं, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये. चटणीत शेंगदाणे घालायचे नाहीत, चवीला थोडे तीळ चालतील. भाजण्याचा आणखी एक फायदा आहे. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे पदार्थ थोड्या प्रमाणात असतात, ते उष्णतेने कमी होतात. दोन चमचे जवसाने कुणाला बाधत नाही, पण जिममध्ये 'जितकं जास्त तितकं चांगलं' म्हणून कच्चं पीठ वाटीभर शेकमध्ये घालणारेही भेटतात, त्यांच्यासाठी हे सांगते.

प्रमाण दिवसाला १५ ग्रॅम पीठ, सपाट दोन मोठे चमचे. हे एकदा काट्यावर मोजून चमचा ठरवून घ्यायचा, मग रोज मोजायची गरज नाही. १५ ग्रॅममधून सव्वातीन ग्रॅम एएलए मिळतं, म्हणजे गरजेच्या दुप्पट. निम्मं चटणीतून, निम्मं रात्रीच्या ताकात किंवा भाकरीच्या पिठात. भाकरी भाजताना ते फारसं नासत नाही. मात्र जवसाच्या तेलात फोडणी कधीच नको, ते लगेच धुरावतं.

पहिल्याच आठवड्यात तक्रार आली. पोट फुगतंय, आणि जिममध्ये व्यायाम सुरू असतानाच. त्याने पहिल्या दिवसापासून पूर्ण १५ ग्रॅम चालू केलं होतं, तेही जिमच्या तासभर आधी शेकमध्ये. जवसात शंभर ग्रॅमला २७ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि ते पाणी धरून फुगतात. त्याला एका चहाच्या चमच्यापासून सुरू करून दोन आठवड्यांत वाढवायला सांगितलं, वेळ दुपार आणि रात्रीच्या जेवणाची, आणि पाणी भरपूर. त्रास थांबला. जे रोज एखादी गोळी घेतात त्यांनी जवस आणि गोळी एकाच वेळी घेऊ नये, हे तंतू औषधही धरून ठेवू शकतात.

अक्रोडाबद्दल त्याची अपेक्षा मोठी होती. दोनाचे सहा-सात करू का, असं विचारत होता. अक्रोडात शंभर ग्रॅमला नऊ ग्रॅम एएलए असतं हे खरं, सुक्यामेव्यात ते त्यामुळे वेगळं ठरतं. बदाम-काजूत काहीच नसतं. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये ३८ ग्रॅम ओमेगा सिक्सही असतं. म्हणजे अक्रोड वाढवून हिशेबाचं पारडं फिरत नाही, खर्च मात्र वाढतो. दोन चालू ठेव म्हटलं, आणि उन्हाळ्यात फोडलेला गर फ्रीजमध्ये ठेव. पिवळट, कडवट लागणारा गर टाकून द्यायचा.

तेलाचं थोडं अवघड गेलं, कारण घाण्यावाल्याशी नातं जुनं. सरसूचं तेल सुचवलं होतं, त्यात दहाएक टक्के एएलए असतं, पण घरात त्याचा वास कुणालाच सोसला नाही. शेवटी त्याच घाण्यावरून शेंगदाण्याचं तेल घ्यायचं ठरलं. त्यात ओमेगा सिक्स करडईच्या निम्म्याहून कमी. महिन्याचं तेल चारवरून तीन लिटरवर आलं, चटणीवरची धार गेली. पीनट बटर बंद करून त्या जागी दही आणि फुटाणे. शेंगांची चटणी दिवसाआड. ती पूर्ण बंद करायला मी सांगितलं नाही, कारण ते चार दिवससुद्धा टिकलं नसतं.

नवा हिशेब केला तेव्हा ओमेगा सिक्स १७-१८ ग्रॅमवर आलं होतं आणि एएलए चार ग्रॅमच्या पुढे गेलं होतं. वीसपटीचं प्रमाण चार-पाचपटीवर आलं.

रक्तात काय दिसलं

सुरुवातीलाच त्याचा ओमेगा थ्री इंडेक्स तपासून घेतला होता. रक्त सोलापुरात घेतलं, तपासणी बाहेरगावच्या लॅबमध्ये झाली. ही तपासणी सगळ्यांनी करावी असं मी म्हणत नाही, महाग आहे. पण याला आकडा पाहायचा होता. हा इंडेक्स विल्यम हॅरिस आणि क्लेमेन्स फॉन शाकी यांनी २००४ मध्ये मांडला. तांबड्या पेशींच्या आवरणातल्या एकूण मेदाम्लांपैकी ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के, एवढंच तो सांगतो. आठच्या वर चांगला, चारच्या खाली कमी. शाकाहारी माणसाचा साधारण चारच्या आसपास किंवा खाली येतो, आणि याचाही ३.५ आला.

आहार बदलून पावणेचार महिने झाल्यावर पुन्हा तपासला. तांबड्या पेशीचं आयुष्य १२० दिवसांच्या आसपास असतं, त्यामुळे महिन्याभरात तपासून पैसे घालवण्यात अर्थ नसतो.

आला ३.८. ईपीए थोडं वर गेलं होतं, डीएचए जिथल्या तिथे.

तो नाराज झाला. "मग जवस वाया गेलं का मॅडम?" वाया गेलं नाही, एएलए हे स्वतः आवश्यक मेदाम्ल आहे, शरीर ते बनवू शकत नाही, आणि त्याची गरज आता पुरी भागत होती. पण शाकाहारी माणसाने जवसाकडून काय मागायचं आणि काय नाही, ते या आकड्यात दिसतं. पुरुषाच्या शरीरात एएलएपैकी पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास ईपीए होतं, आणि डीएचए एक टक्क्याहूनही कमी. चार ग्रॅम एएलए रोज खाल्लं तरी त्यातून डीएचए ४० मिलिग्रॅमच्या आत. मोठ्या माणसासाठी ईपीए आणि डीएचए मिळून दिवसाला २५० मिलिग्रॅम असा जो सल्ला युरोपातली अन्नसुरक्षा संस्था देते, त्यातला डीएचएचा वाटा इथून भरून निघत नाही. जवस तिप्पट केलं तरी नाही. एका मर्यादेपलीकडे एएलए वाढवून डीएचए वाढतच नाही, ते फक्त उष्मांकासाठी जाळलं जातं.

बायकांमध्ये, विशेषतः मूल होण्याच्या वयात, इस्ट्रोजेनमुळे हे रूपांतर बरंच चांगलं होतं. त्यामुळे बहिणीचा किंवा बायकोचा अनुभव जिमवाल्या पुरुषाने स्वतःला लावू नये.

दुसरा टप्पा: अल्गी ऑइल

माशाच्या अंगातही डीएचए मुळात तो स्वतः बनवत नाही. समुद्रातली सूक्ष्म शेवाळं ते बनवतात, छोटे जीव ती खातात, मासे त्यांना खातात. अल्गी ऑइल म्हणजे मधले सगळे वगळून थेट त्या सूक्ष्म जीवांचं तेल. बहुतेक वेळा ते शायझोकायट्रियम नावाच्या जातीपासून काढतात, आणि समुद्रात नव्हे तर कारखान्यातल्या बंद टाक्यांमध्ये, साखरेवर वाढवून. लहान बाळांच्या डब्याच्या दुधात डीएचए घालण्यासाठी अमेरिकेत अशा तेलाला २००१ मध्ये वाट मोकळी झाली. शरीर ते माशातल्या डीएचएसारखंच वापरतं, आणि त्याला रूपांतराच्या त्या जात्यातून जावं लागत नाही.

दुकानात जाण्याआधी त्याला तीन गोष्टी वाचायला शिकवल्या.

पहिली, पुढच्या मोठ्या आकड्याकडे बघायचं नाही. '१००० मिलिग्रॅम' हे बहुधा कॅप्सूलमधल्या एकूण तेलाचं वजन असतं. मागच्या तक्त्यात डीएचए किती आणि ईपीए किती, हे वेगळं लिहिलेलं शोधायचं. तेही एका कॅप्सूलमागे की दोन कॅप्सूलमागे, ते पाहायचं. त्याने पहिल्यांदा जी बाटली फोटो काढून पाठवली तिच्यावर पुढे १००० होतं आणि मागे डीएचए फक्त १०० मिलिग्रॅम. दुसरी बाटली महाग दिसत होती, पण तिच्यात एका कॅप्सूलला डीएचए २०० आणि ईपीए १००. बाटलीच्या किमतीला कॅप्सूलच्या संख्येने भागून थांबायचं नाही, २५० मिलिग्रॅम खरं डीएचए-ईपीए कितीला पडतं ते काढायचं. तसं काढलं तर महागडी बाटलीच स्वस्त पडली.

दुसरी, आवरण. तेल शेवाळाचं असलं तरी कॅप्सूलचं मऊ कवच जिलेटिनचं असू शकतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. शाकाहारी कवच स्टार्च किंवा कॅरागीननचं असतं, ते घटकांच्या यादीत लिहिलेलं असतं. खाद्यपदार्थ किंवा पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर चौकोनातला हिरवा ठिपका पाहायचा. चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ही खूण असेलच असं नाही, तिथे घटकच वाचावे लागतात. आज्जीला दाखवायला त्याने हिरवा ठिपका मोठा करून फोटो काढून नेला.

तिसरी, 'ओमेगा थ्री-सिक्स-नाइन' लिहिलेलं काहीही परत ठेवायचं. सिक्स आपल्याकडे आधीच जास्त आहे आणि नाइन शेंगदाण्याच्या तेलात भरपूर मिळतं.

दिवसाला एक कॅप्सूल, ३०० मिलिग्रॅम, दुपारच्या जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी काळ्या कॉफीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही आणि ढेकरांना समुद्राचा वास येतो, हे त्याने एकदा करून पाहिलंच. बाटली बाइकच्या डिकीत किंवा जिमच्या बॅगेत ठेवायची नाही. उन्हात कॅप्सूल एकमेकांना चिकटल्या किंवा फोडल्यावर कुजकट वास आला तर बाटली टाकून द्यायची.

चार महिन्यांनी इंडेक्स ५.३ आला. अपेक्षेप्रमाणेच. दूधही न घेणाऱ्या शाकाहारी लोकांवरचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात दिवसाला २५० मिलिग्रॅमच्या आसपास अल्गीतलं डीएचए-ईपीए चार महिने दिल्यावर सरासरी ३.१ वरून ४.८ वर गेली होती. आठपर्यंत जायचं तर मात्रा बरीच वाढवावी लागेल, आणि या निरोगी मुलासाठी मला ती गरज वाटली नाही. रोज एक ग्रॅमहून जास्त घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढलेला दिसतो, आणि डीएचए जास्त मात्रेत वाईट कोलेस्टेरॉल किंचित वाढवू शकतं.

गुडघ्याचं काय झालं

गुडघा बरा झाला, पण ओमेगा थ्रीने नाही. जिममध्ये आणखी एक जाणता ट्रेनर होता, त्याने स्क्वॉट पाहिला. दर आठवड्याला वजन वाढवण्याच्या नादात खाली जाताना गुडघे आत वळत होते. वजन निम्म्यावर आणलं, मांडीच्या बाहेरच्या आणि नितंबाच्या स्नायूंचा व्यायाम वाढवला, सहा आठवड्यांत दुखणं गेलं. तेव्हा अल्गीची बाटली घरात आलीही नव्हती.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण जिममध्ये ओमेगा थ्री सांधेदुखीवर, स्नायू वाढवायला, चरबी उतरवायला, सगळ्यालाच दिलं जातं. ज्याला पुरेसं प्रोटीन मिळतंय अशा तरुणाचे स्नायू या मात्रेने वाढतात असं दाखवता येत नाही. व्यायामानंतरचं अंग दुखणं काही अभ्यासांत थोडं कमी झालेलं दिसतं, तेही याच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत. ट्रायग्लिसराइड खाली आणायला दोन ते चार ग्रॅम ईपीए-डीएचए लागतं आणि ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालचं. याने कॅप्सूल चालू ठेवली ती पेशींत डीएचए पुरेसं असावं म्हणून, दंड वाढावेत म्हणून नाही, आणि ते त्याला पटलं आहे.

आता त्याची व्यवस्था अशी आहे: जवसाचं पीठ दर रविवारी, उन्हाळ्यात फ्रीजरमध्ये, अक्रोड दोन, कॅप्सूल एक. गड्ड्याच्या जत्रेत आणि लग्नसराईत जवस आठवडाभर चुकतं, त्याने काही होत नाही. कॅप्सूल मात्र दोन-तीन महिने बंद राहिली तर इंडेक्स हळूहळू परत पूर्वीच्या जागी येईल, कारण जुन्या पेशींच्या जागी येणाऱ्या नव्या पेशींना डीएचए मिळणार नाही.

त्याच्या जिममधले दोघेजण नंतर याच यादीचा फोटो घेऊन आले. एकाचं जमलं. दुसऱ्याचे वडील, ज्यांच्यासाठी तो कॅप्सूल विचारत होता, हृदयाची झडप बदललेली असल्याने रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. त्यांना मी चटणीचं प्रमाणही स्वतः सांगितलं नाही, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून या म्हटलं.